बोलीच्या भिशीचा तक्ता: कुणाला किती पडलं, कुणाला किती सुटलं

आमच्या भिशीची वही माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात प्रत्येक पानावर तीनच गोष्टी होत्या: महिना, भिशी कुणी उचलली, आणि सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण. पैसे कधी कमी पडले नव्हते, भांडणं झाली नव्हती. पण फेरी संपली की एक प्रश्न हमखास निघायचा आणि त्याचं उत्तर वहीत नसायचं. पहिल्या महिन्यात भिशी उचलणारे दादा विचारायचे, "मला शेवटी ही भिशी केवढ्याला पडली?" शेवटची उचलणाऱ्या काकू विचारायच्या, "मी थांबले, त्याचं मला काय मिळालं?" आणि अंदाजाने काहीतरी सांगितलं जायचं. मला ते खटकत होतं. महिनोन्‌महिने विश्वासाने पैसे देणाऱ्या माणसाला त्याचा हिशोब रुपयापर्यंत सांगता आलाच पाहिजे. म्हणून नव्या फेरीपासून मी वहीच्या जोडीला संगणकावर तक्ता ठेवायला सुरुवात केली. त्या फेरीत तो कसा घडत गेला, ते इथे मांडते.

आधी आमची पद्धत सांगते, कारण तक्ता पद्धतीप्रमाणे बदलतो. भिशीचे भाग दहा, हप्ता ५,००० रुपये, म्हणजे दर महिन्याची पूर्ण रक्कम ५०,०००. ज्यांची भिशी अजून लागलेली नाही ते बोली लावतात. बोली म्हणजे आपण किती रक्कम सोडायला तयार आहोत तो आकडा. जो सर्वांत जास्त सोडेल त्याला त्या महिन्याची भिशी. पहिल्या महिन्यात दादांनी ९,००० सोडले, त्यांच्या हाती ४१,००० आले. सोडलेले ९,००० दहा भागांत सारखे वाटले गेले, म्हणजे प्रत्येकाच्या हप्त्यात ९०० रुपयांची सूट. त्या महिन्यात कुणीच ५,००० भरले नाहीत, सगळ्यांनी ४,१०० भरले. ४,१०० गुणिले दहा म्हणजे ४१,०००. जेवढे जमले तेवढे दिले, मध्ये एक रुपया उरला नाही.

इथेच सगळ्या गटांनी एकदा स्पष्ट बोलून घ्यावं असा मुद्दा आहे. सूट कुणाकुणाला? आमच्याकडे उचलणाऱ्यासकट दहाही भागांना मिळते. काही ठिकाणी उचलणाऱ्याला वगळून बाकी नऊ जणांत वाटतात. काही ठिकाणी ज्यांची भिशी अजून लागायची आहे फक्त त्यांनाच मिळते. तिन्ही पद्धती चालतात, पण बोलीचा खरा भाव तिन्हींत वेगळा असतो. आमच्या पद्धतीत दादांनी ९,००० सोडले, त्यातले ९०० त्यांच्याच हप्त्याला परत आले. म्हणजे त्यांची बोली खरी ८,१०० ची. उचलणाऱ्याला वगळलं असतं तर ती पुरती ९,००० ची झाली असती, आणि इतर नऊ जणांना प्रत्येकी १,००० ची सूट मिळाली असती. फेरीच्या मध्यावर कुणी म्हणालं की "सूट उचलणाऱ्याला कशाला?", तर तोवरचा सगळा हिशोब उलटापालटा होतो. म्हणून तक्त्याच्या अगदी वरच्या ओळीत मी हा नियम शब्दांत लिहून ठेवला आणि पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचला.

बोली १०० च्या पटीतच लावायची हाही नियम तेव्हाच केला. दहाने भाग गेला की हप्ता पूर्ण दहाच्या पटीत येतो. ७,२५५ सारखी बोली आली की सूट ७२५ रुपये ५० पैसे होते, आणि ते पन्नास पैसे कुणी द्यायचे यावर फुकट वेळ जातो.

तक्त्याची दोन पानं केली. पहिलं पान 'महिने', दुसरं 'भाग'. 'महिने' या पानावर दर महिन्याला एक ओळ. तिच्यात मी हाताने फक्त दोन गोष्टी लिहिते: B रकान्यात भिशी कोणत्या भागाला लागली आणि C रकान्यात बोली किती झाली. बाकी सगळं सूत्रं काढतात.

```
D2  =C2/10            सूट
E2  =5000-D2          हप्ता
F2  =50000-C2         हातात पडलेली रक्कम
G2  =E2*10-F2         पडताळा, 0 यायला हवा
```

दुसऱ्या पानावर दहा ओळी, माणसांच्या नाही, भागांच्या. हे महत्त्वाचं आहे. आमच्यात माणसं नऊ आणि भाग दहा, कारण मावशींचे दोन भाग आहेत. माणसागणिक ओळ ठेवली की मावशींच्या ओळीत दोन बोल्या, दोन उचल आणि दुप्पट हप्ता कोंबावा लागतो, आणि सूट दहाने भागायची की नऊने हा गोंधळ सुरू होतो. भागागणिक ओळ ठेवली की सगळ्या ओळी एका साच्याच्या राहतात. मावशींचा एकत्र आकडा हवा असेल तर शेवटी दोन ओळींची बेरीज करायची.

आता मुख्य गोष्ट, निव्वळ नफा-तोटा. मी तक्ता सुरू केला तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात हिशोब असा होता: आतापर्यंत मिळाले किती, भरले किती, वजाबाकी करा. ऐकायला बरोबर वाटतं. पाच महिन्यांनंतर हा हिशोब मांडला तर दादांना मिळाले ४१,०००, आणि त्यांनी भरले २१,१५०. वजाबाकी १९,८५०, तीही फायद्याच्या बाजूला. काकूंना मिळालं शून्य, भरले तेच २१,१५०, म्हणजे त्या तेवढ्या तोट्यात. बैठकीत हे आकडे मी मुद्दाम फळ्यावर मांडले, आणि काकू लगेच म्हणाल्या, "अगं, म्हणजे मी बुडाले की काय?"

तसं नसतं. ते १९,८५० म्हणजे दादांच्या हातात असलेले गटाचे पैसे. ते पुढच्या हप्त्यांतून परत यायचेच आहेत. तो नफा नाही, उधारी आहे. खरा निव्वळ आकडा दोनच गोष्टींतून निघतो: आपल्याला एकूण सूट किती मिळाली आणि आपण स्वतः बोलीत किती सोडलं. हप्त्याची मूळ रक्कम आणि भिशीची मूळ रक्कम एकमेकांना छेदून जातात, कारण प्रत्येक जण दहा वेळा ५,००० देण्याला बांधलेला आहे आणि एकदा ५०,००० घेण्याचा हक्कदार आहे. उरतो तो एवढाच फरक. म्हणून 'भाग' पानावर सूत्रं अशी बसवली:

```
C2  =SUMIF('महिने'!B$2:B$11,A2,'महिने'!C$2:C$11)   स्वतः सोडलेली बोली
D2  =SUM('महिने'!D$2:D$11)                          मिळालेली एकूण सूट
E2  =D2-C2                                          निव्वळ
```

पाच महिन्यांअखेर प्रत्येक भागाला मिळून ३,८५० ची सूट झाली होती. दादांनी ९,००० सोडले होते, म्हणजे त्यांचा निव्वळ आकडा उणे ५,१५०. काकूंनी अजून काहीच सोडलं नव्हतं, म्हणून अधिक ३,८५०. चित्र एकदम पालटलं, आणि हेच खरं चित्र होतं. पुढच्या प्रत्येक महिन्यात सूट वाढत गेली तसा दादांचा तोटा कमी होत गेला.

या रकान्याची एक मोठी सोय आहे. दहाही भागांच्या निव्वळ आकड्यांची बेरीज प्रत्येक महिन्याला शून्य यायला हवी. फेरीच्या शेवटीच असं नाही, मध्ये कुठेही. एकाने सोडलेलं तेच दहा जणांनी घेतलेलं असतं. म्हणून तळाशी ती बेरीज ठेवली आणि शून्य नसेल तर तो चौकोन लाल होईल अशी खूण लावली. आमच्याकडे भिशी चालवणारा काही घेत नाही. जिथे चालवणाऱ्याला मोबदला असतो तिथे ही बेरीज शून्याऐवजी बरोबर तेवढ्या मोबदल्याइतकी उणे दिसेल. त्याहून एक रुपया जरी इकडेतिकडे झाला तरी कुठेतरी बोली लिहिली पण तिच्यापुढे भाग लिहायचा राहून गेला आहे, किंवा भागाचं नाव दुसऱ्या पानावरच्या नावाशी जुळत नाही.

उधारीचा आकडाही मी काढून टाकला नाही. त्याला वेगळा रकाना दिला आणि नाव ठेवलं 'येणे'. ज्याने भिशी उचलली आहे त्याचे किती हप्ते बाकी आहेत, गुणिले ५,०००. पाच महिन्यांअखेर दादांकडून २५,००० पर्यंत येणे होतं. पुढे सूट मिळून प्रत्यक्षात कमी भरावं लागेल, पण जोखीम मोजताना पूर्ण हप्ताच धरते. दुसऱ्या महिन्यापासून पाचव्यापर्यंत ज्यांनी उचलली त्यांचंही तेवढंच येणे, कारण सगळ्यांचे हप्ते सारखेच बाकी असतात. म्हणजे गटाचे १,२५,००० पर्यंत रुपये उचललेल्यांच्या शब्दावर बाहेर होते. भिशीत धोका असतो तो याच आकड्यात, आणि फेरीच्या मध्यावर तो सर्वांत मोठा असतो. पहिल्या महिन्यानंतर एकाचेच नऊ हप्ते बाकी असतात, म्हणजे ४५,०००. नवव्या महिन्यानंतर नऊ जणांचा एकेक, म्हणजे पुन्हा ४५,०००. हे समजल्यावर गटाने ठरवलं की पहिल्या पाच महिन्यांत उचलणाऱ्याला गटातलाच एक जामीन लागेल. जामिनाचं नाव त्याच ओळीत लिहायला लागले.

सहाव्या महिन्यात एक गोष्ट झाली, ती सविस्तर सांगायला हवी. त्या महिन्याची बोली ५,००० ला तुटली, हप्ता ४,५०० झाला. एकूण ४५,००० जमायचे होते, आणि खात्यात नेमके ४५,००० जमले. सगळं ठीक दिसत होतं. पण ओळी तपासल्या तर आठ भागांचे ४,५०० बरोबर आले होते, एकाने बोलीच्या आधीच पूर्ण ५,००० पाठवून ठेवले होते, आणि एकाचे ४,००० च आले होते. एकाचे पाचशे जास्त, दुसऱ्याचे पाचशे कमी, बेरीज जुळलेली. वहीतल्या खुणांच्या पद्धतीत दोघांच्याही नावापुढे बरोबरची खूण पडली असती, आणि ज्याने जास्त भरले त्याचे पाचशे कायमचे विरून गेले असते.

म्हणून प्रत्येक भागाला दर महिन्याला तीन आकडे लागतात: देणे किती, जमा किती, बाकी किती. बाकी पुढच्या महिन्यात ओढून न्यायची. ज्याचे पाचशे जास्त आले त्याला सातव्या महिन्यात ४,६०० ऐवजी ४,१०० च भरायला सांगितले, आणि दुसऱ्याला ४,६०० वर पाचशे. खात्याची बेरीज जुळते की नाही हे बघायचंच, पण ते पुरेसं नाही, बाकीचा रकाना दहाही ओळींत शून्य आहे का ते बघायचं. बोलीआधी पैसे पाठवणारे सगळ्याच गटांत असतात. त्यांना थांबवण्यापेक्षा त्यांची आगाऊ रक्कम नीट दाखवणं सोपं पडतं.

याला जोडून आणखी एक. निव्वळ नफा-तोटा नेहमी 'देणे' वरून काढायचा, 'जमा' वरून नाही. कुणी उशिरा भरलं किंवा आगाऊ भरलं म्हणून त्याची भिशी महाग किंवा स्वस्त होत नाही. उशिराचा दंड ठेवलेला असेल तर तो वेगळ्या रकान्यात. तो बोलीच्या सुटीत मिसळला की तळाची शून्याची बेरीज मोडते आणि चूक कुठली, दंड कुठला हे ओळखता येत नाही.

फेरी पुरी झाली तेव्हा तक्ता असा दिसत होता. दहाव्या महिन्यात एकच भाग उरतो, बोली लावायला दुसरं कुणी नसतं, म्हणून बोली शून्य. शेवटचा रकाना ज्या भागाला त्या महिन्यात भिशी लागली त्याचा.

| महिना | बोली | सूट | हप्ता | हातात | निव्वळ |
|---|---|---|---|---|---|
| १ | ९,००० | ९०० | ४,१०० | ४१,००० | −३,९०० |
| २ | ८,००० | ८०० | ४,२०० | ४२,००० | −२,९०० |
| ३ | ८,५०० | ८५० | ४,१५० | ४१,५०० | −३,४०० |
| ४ | ७,००० | ७०० | ४,३०० | ४३,००० | −१,९०० |
| ५ | ६,००० | ६०० | ४,४०० | ४४,००० | −९०० |
| ६ | ५,००० | ५०० | ४,५०० | ४५,००० | +१०० |
| ७ | ४,००० | ४०० | ४,६०० | ४६,००० | +१,१०० |
| ८ | २,५०० | २५० | ४,७५० | ४७,५०० | +२,६०० |
| ९ | १,००० | १०० | ४,९०० | ४९,००० | +४,१०० |
| १० | ० | ० | ५,००० | ५०,००० | +५,१०० |

एकूण बोली ५१,०००, प्रत्येक भागाला सूट ५,१००, प्रत्येकाने भरले ४४,९००. मावशींचा एक भाग तिसऱ्या महिन्यात लागला आणि दुसरा नवव्यात, उणे ३,४०० आणि अधिक ४,१००, म्हणजे एकूण ७०० सुटले. तिसऱ्या महिन्यात बोली दुसऱ्यापेक्षा चढली ती त्यांच्यामुळेच. दोघांना एकाच वेळी पैशांची नड होती आणि चढाओढ झाली. अशी चढाओढ झाली की बाकी सगळ्यांच्या हप्त्याला तिचा फायदा होतो.

आता दादांचा प्रश्न. ३,९०० हे उत्तर बरोबर होतं, पण अपुरं. ३,९०० रुपये कशाच्या मोबदल्यात? पहिल्या महिन्यात त्यांच्या हाती ४१,००० आले आणि त्याच दिवशी ४,१०० चा हप्ता गेला, म्हणजे प्रत्यक्षात मिळाले ३६,९००. मग नऊ महिन्यांत ४०,८०० फेडले. पण ते ३६,९०० नऊ महिने पूर्ण त्यांच्याकडे नव्हते, दर महिन्याला कमी होत होते. सरासरी बघितली तर जेमतेम पाच महिने. त्यामुळे ३,९०० ला ३६,९०० ने भागून साडेदहा टक्के म्हणणं फसवं आहे. यासाठी तक्त्यात `IRR` हे आवक-जावकीवरून व्याजाचा दर काढणारं सूत्र आहे. दहा महिन्यांतली प्रत्येक महिन्याची आवक-जावक एका ओळीखाली एक लिहायची, मिळाले ते अधिक, दिले ते उणे:

```
J2  36900
J3  -4200
J4  -4150
...
J11 -5000
    =IRR(J2:J11)
```

उत्तर आलं महिना जवळपास २ टक्के. म्हणजे दादांनी दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने कर्ज घेतल्यासारखं झालं. त्यांना हा आकडा ३,९०० पेक्षा कितीतरी लवकर कळला, कारण बाहेरच्या कर्जाचा दर ते याच भाषेत ओळखतात. काकूंची ओळ उलटी: नऊ महिने हप्ते भरले, दहाव्यात ५०,००० घेऊन ५,००० भरले, म्हणजे ४५,००० हातात. त्यांच्या पैशाला महिना सुमारे अडीच टक्के सुटले. "एवढे?" असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला सगळ्या ओळी पुन्हा दाखवायला लावल्या. मला ते आवडलं. आकडा असा तपासूनच घ्यावा.

मग पाचव्या महिन्यात उचलणाऱ्याने विचारलं, "माझा दर काढ की." इथे मात्र सावध राहायला हवं. पाचव्या भागाने आधी चार महिने पैसे साठवले आणि नंतर पाच महिने फेडले. तो निम्मा ठेवीदार, निम्मा कर्जदार. त्याच्या आवक-जावकीत खूण दोनदा बदलते: उणे, मग एकदा अधिक, मग पुन्हा उणे. अशा ओळीला `IRR` ची दोन उत्तरं असू शकतात, आणि आमच्या आकड्यांत ती खरोखरच निघाली. सूत्राला सुरुवातीचा अंदाज २ टक्के दिला की उत्तर महिना ४ टक्क्यांच्या आसपास, १५ टक्के दिला की १४ च्या जवळ. दोन्ही गणिताने बरोबर आणि दोन्ही निरुपयोगी. हा ४ टक्के त्याने दिलेला दर की मिळवलेला, हेच सांगता येत नाही. तक्ता तुम्हाला यातलं एकच उत्तर दाखवतो, दुसरं आहे म्हणून सांगतही नाही.

म्हणून मधल्या भागांचा दर मी काढत नाही. त्यांच्यासाठी एक साधा मार्ग ठेवला. पैसे बिनजोखमीने ठेवले असते तर महिन्याला किती सुटलं असतं तो एक दर धरायचा, आणि सगळ्या रकमा भिशी उचलण्याच्या महिन्यावर आणून मोजायच्या. अर्धा टक्का धरला तर पाचव्या भागाचे आधीचे चार हप्ते त्या दिवशी १६,९५९ च्या किमतीचे होतात, नंतरचे पाच २३,३९१ चे. बेरीज ४०,३५०. हातात आले ४४,००० वजा त्या महिन्याचा ४,४०० चा हप्ता, म्हणजे ३९,६००. फरक ७५०. त्याला भिशी पडली ती ९०० ला नव्हे तर उचलण्याच्या महिन्यातल्या किमतीत सुमारे ७५० ला. फेडीचे हप्ते नंतर गेले, त्याचा एवढा फायदा त्याला झाला.

निव्वळ रकाना फेरी चालू असताना बघताना एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ज्याची भिशी लागायची आहे त्याचा आकडा तोवर नेहमी अधिकच दिसतो, कारण त्याने अजून काही सोडलेलंच नाही. पाचव्या महिन्याअखेर सहाव्या भागासमोर अधिक ३,८५० होते. पुढच्याच महिन्यात त्याला ५०० ची सूट मिळाली, ५,००० त्याने सोडले आणि तो उणे ६५० वर आला. फेरीअखेर अधिक १०० वर स्थिरावला. म्हणून ज्यांची भिशी बाकी आहे त्यांचा आकडा मी फिकट रंगात ठेवते, आणि उचलली की गडद करते. कुणी आपला आकडा बघून आधीच खूश किंवा नाराज होऊ नये, एवढाच हेतू.

कधीकधी दोन जण आपापसांत नंबर बदलून घेतात. लिलावात एकाला लागली, पण गरज दुसऱ्याला जास्त, मग तो त्याला देऊन टाकतो. माझं मत असं की हे तक्त्यात बोलीसकट हस्तांतर करावं. ज्याने पैसे घेतले त्याच्या भागावर ती बोली लिहावी. दोघांनी आपसात काही देवाणघेवाण केली असेल तर ती त्यांची, गटाच्या तक्त्यात ती येऊ देऊ नये. नाहीतर पैसे एकाकडे, बोली दुसऱ्याच्या नावावर आणि येणे तिसरंच, असं होतं, आणि जामीन कुणासाठी उभा आहे हे कुणालाच कळत नाही.

नवी फेरी सुरू होण्याआधी दादांनी विचारलं, "या वेळी पहिल्या महिन्यात मी जास्तीत जास्त किती सोडावं?" हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण मागच्या फेरीचा तक्ता हातात असल्यामुळेच तो विचारता आला. त्यांना बाहेर महिना १ टक्का दराने कर्ज मिळत होतं. पुढच्या नऊ महिन्यांच्या बोल्या मागच्यासारख्याच राहतील असं धरलं, आणि ते नऊ हप्ते महिना १ टक्क्याने मागे आणले. त्यांची आजची किंमत आली सुमारे ३८,७७०. म्हणजे पहिल्या महिन्यात हातात निव्वळ तेवढे तरी पडायला हवेत. आमच्या पद्धतीत निव्वळ हातात पडणारी रक्कम म्हणजे ४५,००० वजा बोलीचे नऊ दशांश. त्यावरून बोली निघते साधारण ६,९००. त्याच्या वर गेलं तर बाहेरचं कर्ज स्वस्त, त्याच्या आत राहिलं तर भिशी स्वस्त.

पुढच्या महिन्यांत सगळ्यांनीच कमी बोली लावली तर सूट घटेल, हप्ते वाढतील आणि ही मर्यादा आणखी खाली येईल, हेही त्यांना सांगितलं. त्यांनी ६,५०० वर थांबायचं ठरवलं. भिशी मावशींना ६,८०० ला गेली. दादांनी कर्ज बाहेरून काढलं, भिशीत आता शेवटपर्यंत थांबणार आहेत, आणि त्यांच्या ओळीत ६८० ची पहिली सूट फिकट रंगात लिहिली गेली आहे.